एक वाचनालय, दोन आकडे: 'सक्रिय सभासद' कोणास म्हणावे?

बालाघाटाच्या पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. एप्रिलच्या बैठकीत विश्वस्त मंडळापुढे एकाच विषयपत्रिकेत दोन अहवाल आले. लेखापालांच्या अहवालात 31 मार्च 2025 रोजी 1,184 सक्रिय सभासद असल्याचे म्हटले होते, तर ग्रंथपालांच्या अहवालात तोच आकडा 742 होता. दोघेही आपापल्या कामात चोख आहेत आणि दोघांच्याही नोंदवह्या तपासणीत खऱ्या ठरल्या. तरीही अभ्यासिकेची जागा वाढवायची की ग्रंथखरेदीची तरतूद वाढवायची, हा त्या दिवशीचा मुख्य ठराव पुढे ढकलावा लागला, कारण वाचनालय किती माणसे वापरतात हेच कोणाला ठामपणे सांगता येईना. मंडळाने दोन्ही अहवालांचा मेळ घालून एकच व्याख्या सुचवण्याचे काम लेखापाल, ग्रंथपाल आणि कार्यवाह या नात्याने माझ्याकडे सोपवले. आम्हा तिघांचे एकमत कसे झाले, कोणते पर्याय का बाजूला ठेवले आणि मंडळाला आता नेमके काय ठरवायचे आहे, हे या टिपणात मांडले आहे.

दोन अहवाल काय मोजत होते

लेखापालांचा अहवाल वर्गणीच्या खात्यावरून तयार झाला होता. ज्याची वर्गणी 31 मार्चपर्यंत भरलेली आहे तो सक्रिय, असा त्यांचा निकष होता. आजीव सभासदांनी एकदाच रक्कम भरलेली असल्यामुळे ते सगळेच, म्हणजे 212 जण, आपोआप त्यात आले. ग्रंथपालांचा अहवाल देवघेव विभागाच्या संगणकावरून निघाला होता. गेल्या 90 दिवसांत ज्याच्या नावावर एक तरी पुस्तक गेले तो सक्रिय, असा त्यांचा निकष होता. म्हणजे एका अहवालाने पैसे पाहिले आणि दुसऱ्याने पुस्तके पाहिली, परंतु दोन्हींच्या मथळ्यावर शब्द मात्र एकच होता.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. ग्रंथपालांनी अहवाल 16 एप्रिलला काढला होता आणि संगणकाने 90 दिवस त्या तारखेपासून मागे मोजले होते. तो अहवाल 31 मार्च या तारखेने पुन्हा काढला, म्हणजे 1 जानेवारी ते 31 मार्च असे बरोबर 90 दिवस धरले, तेव्हा आकडा 742 ऐवजी 731 आला. तारखा जुळवल्या की फरक कमी होईल अशी आमची अपेक्षा होती, प्रत्यक्षात तो 442 वरून 453 झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रसंगी तारखेतला फरक सापडला की कोडे सुटले असे समजून थांबण्याचा मोह होतो. तारखेची चूक खरी होती, पण मतभेदाचे कारण ती नव्हती.

त्यानंतर आम्ही बेरजा जुळवण्याचा नाद सोडला आणि नावे जुळवायला घेतली. दोन्ही याद्या सभासद क्रमांकाने लावल्या, आणि क्रमांक नसेल तिथे नाव, वडिलांचे नाव व गाव पाहिले. एका यादीत आडनाव आधी आणि दुसऱ्या यादीत नाव आधी, एकीकडे 'ज्ञानोबा' आणि दुसरीकडे 'ज्ञानेश्वर', अशा जोड्या हाताने लावाव्या लागल्या. तीन संध्याकाळी या कामात गेल्या. शेवटी 685 नावे दोन्ही याद्यांत सापडली, 499 नोंदी फक्त लेखापालांकडे होत्या आणि 46 नावे फक्त ग्रंथपालांकडे होती. 499 मधून 46 वजा केले की 453 उरतात, म्हणजे फरकाचा पूर्ण हिशेब लागला. खरा धडा त्या वजाबाकीत लपला होता: आपण 453 चा फरक समजत होतो, पण वाद प्रत्यक्षात 545 नोंदींचा होता आणि त्यातील काही एकमेकींना झाकत होत्या.

499 नोंदींच्या पोटात

फक्त वर्गणीच्या यादीत असलेल्या 499 नोंदींपैकी सर्वात मोठा गट अभ्यासिकेचा निघाला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली महिन्याची फी भरून बसतात, स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि देवघेवीच्या खिडकीकडे फिरकतही नाहीत. त्यांची पावती वर्गणीच्याच पावतीपुस्तकातून फाडली जाते. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'अभ्यासिका' असे लिहिलेले असते, पण रक्कम वर्गणीच्या रकान्यातच चढते. अशा 203 जणांपैकी 35 जणांनी त्या 90 दिवसांत पुस्तकही नेले होते, उरलेले 168 ग्रंथपालांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. आणि हीच मुले सकाळी कुलूप उघडण्याआधी दारात उभी असतात. अभ्यासिकेची जागा वाढवण्याचा विचार ज्या बैठकीत होता, त्याच बैठकीतल्या एका अहवालातून अभ्यासिका जवळजवळ गळून पडावी, ही बाब आम्हा तिघांनाही फार लागली.

दुसरा गट 141 आजीव सभासदांचा आहे. त्यांच्यापैकी 38 जणांनी वर्षभरात केव्हातरी पुस्तक नेले आहे, फक्त शेवटच्या तीन महिन्यांत नाही. उरलेल्या 103 जणांची बारा महिन्यांत एकही नोंद नाही आणि त्यातील 27 जण हयात नाहीत हे आम्हाला गावातल्या माहितीवरून ठाऊक आहे. वर्गणीच्या व्याख्येने ही 27 नावेसुद्धा 'सक्रिय' ठरवली होती.

तिसरा गट 97 जणांचा, आणि तो नीट समजून घ्यावा अशी विनंती आहे. या सर्वांची वर्गणी भरलेली आहे आणि वर्षभरात पुस्तक नेल्याची नोंदही आहे, परंतु जानेवारी ते मार्चमध्ये एकही नाही. ग्रंथपालांनी पत्ते पाहिले तेव्हा त्यातील 41 जण आसपासच्या वाड्या-तांड्यांवरील ऊसतोड कुटुंबांतले निघाले. ही कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि गळीत हंगाम संपला की परततात. जानेवारी ते मार्च हे तिन्ही महिने त्यांच्यासाठी फडावरचे असतात. म्हणजे 31 मार्चला मागे 90 दिवस मोजण्याचा नियम तटस्थ दिसत असला, तरी आपल्या भागात तो दरवर्षी त्याच माणसांना वगळणार, आणि ती माणसे गावी आल्यावर किती वाचतात याच्याशी त्याचा काही संबंध नसणार. उरलेल्या 56 जणांत पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकवणीसाठी गेलेली मुले आहेत आणि खंड पडलेले साधे वाचकही आहेत.

राहिलेल्यांपैकी 74 जणांनी वर्गणी भरली पण बारा महिन्यांत पुस्तक नेले नाही, आणि 19 नोंदी दुबार होत्या. आधी मासिक आणि नंतर वार्षिक वर्गणी भरलेल्यांची नावे दोनदा चढली होती.

दुसऱ्या बाजूच्या 46 जणांचा प्रश्न उलटा होता. ते पुस्तके नेत होते, पण त्यांची वर्गणी थकलेली होती. अनामत जमा असल्यामुळे खिडकीवर त्यांना कोणी अडवले नाही. त्यातील 15 जणांची थकबाकी तीन महिन्यांच्या आतली आणि 31 जणांची त्याहून जुनी आहे.

पर्याय शेजारी शेजारी

| प्रश्न | वर्गणीची व्याख्या | 90 दिवसांच्या देवघेवीची व्याख्या | सुचवलेली व्याख्या |
|---|---|---|---|
| काय पाहते? | पैसे भरले का | पुस्तक नेले का | पुस्तक नेले किंवा अभ्यासिकेत बसले का |
| किती काळ? | 31 मार्चची स्थिती | 90 दिवस | 31 मार्चपूर्वीचे 12 महिने |
| अभ्यासिका | येते | येत नाही | हजेरीवरून येते |
| न येणारे आजीव सभासद | येतात | येत नाहीत | येत नाहीत |
| थकबाकीदार | येत नाहीत | येतात | तीन महिन्यांपर्यंत येतात |
| आकडा | 1,184 | 731 | 1,016 |

वर्गणीच्या व्याख्येची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती टाकाऊ नाही. ती पावत्यांवर उभी आहे, हिशेब तपासनीस तिची पडताळणी करू शकतात आणि पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज तिच्यावरूनच बांधता येतो. अंदाजपत्रकासाठी मंडळाने हाच आकडा वापरावा, मात्र त्याचे नाव 'चालू वर्गणीदार' असावे. वापर किती आहे हे मात्र तिला सांगता येत नाही. पैसे भरून न येणारा आणि रोज येणारा तिच्या लेखी सारखेच असतात.

देवघेवीच्या व्याख्येचा गुण असा की ती प्रत्यक्ष वर्तन पाहते. तिचा दोष दुहेरी आहे: ती एकच सेवा मोजते, आणि तिची मुदत आपल्या भागाच्या हंगामाशी जुळत नाही. मुदत सहा महिने करून पाहावी असे ग्रंथपालांनी सुचवले, म्हणून आम्ही 1 ऑक्टोबरपासून मोजून पाहिले. ऊसतोड कुटुंबांतील बऱ्याच सभासदांच्या ऑक्टोबरमध्ये नोंदी आहेत, पण त्या जवळजवळ सगळ्या परतीच्या आहेत. गाव सोडण्याआधी लोक घरातली पुस्तके आणून देतात, नवी नेत नाहीत. नुसती परत हीच सक्रियता धरली, तर दोन वर्षे पुस्तक दडवून शेवटी आणून देणाराही सक्रिय ठरेल. म्हणून परतीची नोंद धरायची नाही आणि मुदत पूर्ण बारा महिन्यांची ठेवायची, हा निर्णय आम्ही एकमताने घेतला. बारा महिन्यांत प्रत्येकाचे गावी असण्याचे महिने येतातच, त्यामुळे मोजणी कोणत्या तारखेला होते यावर कोणाचे मोजले जाणे अवलंबून राहत नाही.

सहकारातील व्याख्या का घेतली नाही

आपल्या विश्वस्तांपैकी अनेकांनी सोसायटी, पतसंस्था किंवा कारखान्याच्या संचालक मंडळावर काम केले आहे, त्यामुळे 'क्रियाशील सभासद' हा शब्द त्यांच्या ओठावर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये 2013 च्या दुरुस्तीने ही कल्पना आली. तिच्यात पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि उपविधीत ठरवलेल्या किमान सेवांचा वापर या दोन गोष्टी पाहिल्या जातात. तयार व्याख्या हाताशी असताना नवी कशाला, अशी विचारणा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी केली होती आणि ती रास्त होती. परंतु आपली संस्था सहकारी नाही, तो कायदा आपल्याला लागू होत नाही. शिवाय तिथे प्रश्न सभासदाच्या हक्कांचा, मुख्यतः मतदानाचा आहे, आणि आपल्याला इमारत व पुस्तके किती माणसांसाठी लागतात ते पाहायचे आहे. पाच वर्षांची मुदत घेतली तर मृत सभासद अनेक वर्षे सक्रिय राहतील, आणि सभेच्या हजेरीची अट घातली तर अभ्यासिकेतले एकही मूल त्यात बसणार नाही. दोन्ही कल्पनांची सरमिसळ होऊ नये म्हणून आम्ही 'क्रियाशील' हा शब्द मुद्दाम टाळून 'सक्रिय' हाच ठेवला आहे.

थकबाकीची रेघ कुठे ओढावी

आम्हा तिघांत खरा मतभेद इथे होता. ग्रंथपालांचे म्हणणे असे की जो वाचतो तो सक्रिय, त्याची थकबाकी हा कार्यालयाचा विषय. लेखापालांचे म्हणणे असे की वर्गणी न भरणाऱ्याला सभासद म्हणायचे असेल तर भरणाऱ्याने का भरावी. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि पहिल्या दोन बैठका यावरच गेल्या.

तोडगा संस्थेच्या नोंदणीच्या कागदांत सापडला. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून 1950 च्या अधिनियमाखाली तर नोंदलेली आहेच, पण संस्था नोंदणी अधिनियम 1860 खालीही नोंदलेली आहे. त्या कायद्याच्या कलम 15 नुसार, कायद्याखालील कार्यवाहीत ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. ही तरतूद वापराची आकडेवारी कशी मोजावी हे सांगत नाही, तसा दावा आम्ही करत नाही. पण एकच माणूस एका कागदावर सभासद म्हणून गणला जाऊ नये आणि दुसऱ्या कागदावर 'सक्रिय सभासद' म्हणून मिरवावा, ही विसंगती टाळायची असेल तर तीन महिन्यांची रेघ आयती ओढलेली आहे. म्हणून तीन महिन्यांपर्यंतच्या थकबाकीतले 15 जण व्याख्येत आले आणि 31 जण बाहेर राहिले. ग्रंथपालांच्या आग्रहावरून ते 31 जण अहवालात 'थकबाकीदार वाचक' या वेगळ्या ओळीत दाखवले जातील, कारण ते दिसेनासे झाले तर त्यांच्याकडून वर्गणी मागायची आठवणही राहणार नाही.

या रेघेमुळे आणखी एक गट हाती लागला, जो कोणत्याच अहवालात नव्हता. 22 जणांची वर्गणी मार्चपूर्वी संपलेली, थकबाकी तीन महिन्यांच्या आतली, आणि पुस्तके त्यांनी डिसेंबरपर्यंत नेलेली. लेखापालांच्या यादीतून ते थकबाकीमुळे गळले आणि ग्रंथपालांच्या यादीतून मुदतीमुळे. दोन याद्यांतील फरक शोधताना फक्त त्या दोनच याद्या पाहिल्या असत्या, तर ही नावे कधीच समोर आली नसती. आम्ही मूळ सभासद नोंदवही तिसरा आधार म्हणून घेतली, तेव्हा ती सापडली.

1,016 कसे आले

दोन्ही याद्यांत असलेले 685, अल्प थकबाकीतले 15, वर्षभरात आधी केव्हातरी पुस्तक नेलेले 97, तसेच 38 आजीव सभासद, नुकतेच सांगितलेले 22, आणि अभ्यासिकेचे 159. अभ्यासिकेच्या 168 पैकी 9 जणांनी फी भरली, पण हजेरीवहीत त्यांची एकही सही नाही, म्हणून ते धरले नाहीत. बेरीज 1,016 होते. त्यातून अभ्यासिका वापरणारे वेगळे काढायचे तर पुस्तकेही नेणारे 35 आणि हे 159 मिळून 194 होतात. अभ्यासिकेच्या ठरावावर बोलताना मंडळाने हा आकडा पुढे ठेवावा.

या आकड्याच्या मर्यादाही मंडळाला माहीत असाव्यात. अभ्यासिकेची हजेरीवही 1 जून 2024 पासून सुरू झाली, त्यामुळे एप्रिल व मे महिन्यांत येऊन नंतर न आलेली मुले त्यात नाहीत. हजेरीवर मित्राची सही करण्याचे प्रकारही अधूनमधून होतात. कौटुंबिक कार्डावर घरातले तीन-चार जण वाचत असले तरी मोजणी एकाचीच होते, कारण नोंदवहीत नाव एकाचेच आहे. आणि वर्षात एक पुस्तक नेणारा व दर आठवड्याला नेणारा यांच्यात ही व्याख्या भेद करत नाही. किमान तीन पुस्तकांची अट घालावी का, याचा विचार आम्ही केला. पण अभ्यासिकेच्या हजेरीला तिच्याशी बरोबरीची अट कोणती लावायची, याचे पटण्यासारखे उत्तर मिळाले नाही, म्हणून ती सोडली. ग्रंथखरेदीचा निर्णय घेताना मंडळाने सक्रिय सभासदांच्या आकड्यासोबत वर्षभरातील एकूण देवघेव पाहावी, कारण पुस्तके किती फिरतात ते तिथे दिसते.

मागील वर्षांच्या अहवालांतील आकड्यांशी 1,016 ची तुलना करू नये. ते वर्गणीच्या निकषावर काढलेले आहेत, त्यामुळे ती तुलना केली तर नसलेली घट दिसेल. 31 मार्च 2024 चा आकडा नव्या निकषाने काढता येत नाही, कारण त्या वर्षीची अभ्यासिकेची हजेरीच नाही. पूर्ण बारा महिन्यांच्या नोंदींवर आधारलेला पहिला आकडा 31 मार्च 2026 चा असेल. शासनाला सादर करायच्या वार्षिक अहवालात मात्र त्या नमुन्यात जी माहिती ज्या शब्दांत मागितली असेल तीच द्यावी. तिथे आपली व्याख्या परस्पर लावू नये.

मंडळापुढील ठराव

आम्ही सुचवलेला मजकूर असा आहे: 'ज्या व्यक्तीचे नाव सभासद नोंदवहीत आहे, जिची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली नाही, आणि 31 मार्च रोजी संपणाऱ्या बारा महिन्यांत जिच्या नावावर किमान एकदा पुस्तक दिल्याची किंवा मुदत वाढवल्याची नोंद आहे, किंवा अभ्यासिकेच्या हजेरीवहीत किमान एक सही आहे, ती व्यक्ती सक्रिय सभासद होय. आजीव सभासदांस वर्गणीची अट लागू नाही, वापराची अट लागू आहे.'

हा ठराव मंजूर झाल्यास 'सक्रिय सभासद' हे शब्द संस्थेच्या कोणत्याही कागदावर दुसऱ्या अर्थाने वापरले जाणार नाहीत. लेखापाल आपल्या आकड्याला 'चालू वर्गणीदार' म्हणतील, सर्वसाधारण सभेसाठीची यादी 'मतास पात्र सभासद' या नावाने घटनेप्रमाणे वेगळी निघेल, आणि अभ्यासिकेची फी 1 जूनपासून स्वतंत्र पावतीपुस्तकात घेतली जाईल. आजीव सभासद सक्रिय नसला तरी त्याचे सभासदत्व व मताधिकार अबाधित राहतात, हे ठरावाच्या इतिवृत्तात स्पष्ट लिहावे, म्हणजे वयोमानामुळे येऊ न शकणाऱ्या कोणाच्याही मनात किंतू राहणार नाही. हयात नसलेल्या 27 आजीव सभासदांची नावे आम्ही नोंदवहीतून कमी केलेली नाहीत. तो अधिकार आमचा नाही. त्यांच्या घरी पत्रे पाठवून खातरजमा करण्यास मंडळाने परवानगी द्यावी, आणि ती झाल्यावर घटनेत सांगितलेल्या पद्धतीने हा विषय पुढील बैठकीत स्वतंत्रपणे यावा.